दुसऱ्या देशाच्या पगारावर तगलेली करन्सी: तिकडे मंदी आली की इकडे नेमकं काय होतं?

कोपऱ्यातला_वाचक

मंडळी, शंका जरा बाळबोध वाटेल, सांभाळून घ्या. देशोदेशीच्या रेमिटन्सचे आकडे चाळत होतो. ताजिकिस्तानात २०१३ मध्ये बाहेर कामाला गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या जीडीपीच्या जवळपास निम्मा होता. निम्मा! आणि त्यातला बहुतेक सगळा एकट्या रशियातून. आपल्याकडे आकडा प्रचंड मोठा असला तरी जीडीपीच्या तीन टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे निम्मा म्हणजे काय हे माझ्या डोक्यातच शिरत नाहीये.

दोन प्रश्न आहेत. मुलगा मॉस्कोतून घरी पैसे पाठवतो, आई त्यातून पीठ-तेल आणते, यात करन्सीला आधार कुठून मिळतो? आणि रशिया ढेपाळला तर पहिला फटका कशाला बसतो, करन्सीला, घरखर्चाला, की अजून कशाला? २०१४-१५ मध्ये असं झालं होतं एवढं माहितेय, कोणी नीट उलगडून सांगेल का.

झणझणीत

यात एवढं काय अवघड आहे. तिकडून पैसे कमी आले की इकडे डॉलर महाग होतो, करन्सी पडते, आणि करन्सी पडली की पाठवलेल्या प्रत्येक डॉलरचे घरी जास्त पैसे मिळतात. म्हणजे जखम आणि मलम एकाच दुकानात. मेक्सिकोत २००९ ला हेच झालं, आठवत नसेल तर बघा. उगाच घाबरवणारे लेख वाचू नका.

सई_क

माझाही हाच प्रश्न आहे हो! मुलगी बाहेर शिकतेय, दर सहामाहीला फी भरायची असते, रुपया घसरला की माझ्या बजेटचे बारा वाजतात. मग आता पाठवून ठेवू का थांबू? कोणीतरी नीट सांगा.

दशमान

सईताई, तुमचा पैसा उलट्या दिशेने जातोय, इथून बाहेर. धागा बाहेरून आत येणाऱ्या पैशाचा आहे. फीबद्दल वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

कोपऱ्यातल्या वाचका, मी बरीच वर्षं बँकेच्या ट्रेझरीत काढली आहेत, त्यामुळे आधी पहिल्या प्रश्नाचं बघू, तो कळल्याशिवाय दुसरा कळणार नाही.

आईच्या हातात ताजिकिस्तानचे सोमोनी पडतात, पण मुलाने काउंटरवर भरले होते रुबल. मधे कुठेतरी कोणीतरी रुबल किंवा डॉलर घेऊन सोमोनी दिले ना. ते बँकेने दिले असतील, किंवा आईने स्वतः डॉलर उचलून एक्स्चेंजच्या खिडकीवर मोडले असतील. आता त्या खिडकीत जमलेले डॉलर कोण घेतं? कझाकस्तानातून गव्हाचं पीठ मागवणारा व्यापारी घेतो, कारण त्याला पैसे सोमोनीत चुकते करता येत नाहीत. आणि ते पीठ विकत कोण घेतं, तर तीच आई. म्हणजे एकाच पैशाने दोन कामं केली, घर चालवलं आणि ज्या मालाने घर चालतं त्या मालासाठी लागणारं परकीय चलनही पुरवलं.

ताजिकिस्तानची एक्स्पोर्ट २०१४ ला जेमतेम एक अब्ज डॉलरची, ॲल्युमिनियम आणि कापूस वगैरे, आणि इंपोर्ट सव्वाचार अब्जांच्या घरात. मधली तीन-सव्वातीन अब्जांची दरी कोण भरत होतं? मॉस्कोतल्या बांधकामांवरची पोरं. तो पैसा नसता तर ४.८-४.९ सोमोनीला डॉलर मिळालाच नसता, भाव कितीतरी वर गेला असता. करन्सीला आधार म्हणतात तो हा.

दुसरा प्रश्न रात्री, आत्ता जेवायला बोलावलंय.

झणझणीत

हे सगळं मान्य, पण माझ्या मुद्द्याचं काय? करन्सी पडली तर घरात जास्त येतात की नाही, हो की नाही एवढंच सांगा.

वाळवंटातला_उंट

मी आखातात आहे, दिरहॅम डॉलरला बांधलेला, त्यामुळे झणझणीत म्हणतात ते आमच्या बाबतीत तरी खरंय. रुपया पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स्चेंज हाऊसबाहेर रांग लागलेली असते, लोक पगाराची वाट न बघता उधार-उसनवार करून पाठवतात, मग महिनाभर उपाशी राहिल्यासारखे फिरतात.

पण एक वेगळी गोष्ट सांगायची होती. तेल पडलं त्यानंतर २०१५-१६ च्या सुमाराला आमच्या कंपनीत (नाव नको) पगार लांबायला लागले, आधी पंधरा दिवस, मग महिना, मग दोन महिने. त्या काळात मी घरी पाठवणं थांबवलं का? नाही. घरचा हप्ता ठरलेला असतो, त्यामुळे आधी स्वतःचं खाणंपिणं कमी केलं, मग खोलीत दोन माणसं अजून घेतली, मग साठवलेले काढले. माझ्या शेजारच्या खोलीतल्याला तर काढूनच टाकलं, त्याने ग्रॅच्युइटी, साठवलेलं, जुना फ्रीज विकलेले पैसे सगळं एकदम घरी पाठवलं आणि गेला. त्या महिन्यात त्याच्या घरी आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम आली असणार. आणि नंतर शून्य.

त्यामुळे येणारा पैसा वाढला अशी बातमी वाचली की मला तो शेजारी आठवतो.

दशमान

उंटराव, तुम्ही लिहिलंत ते बऱ्याच रिपोर्टांत तळटीपेत असतं, खरं तर ते वर असायला हवं. रेमिटन्सचा आकडा उशिराने बोलतो. मंदी लागली तरी पोरं आधी स्वतःची पोटं मारतात, मग साठवण काढतात, आणि परत जाताना सगळं गोळा करून पाठवतात, म्हणून पडायच्या आधी आकडा कधी कधी फुगतो सुद्धा. २०२० ला पाकिस्तान, बांगलादेश, मेक्सिको, तिन्हीकडे पैसा वाढला, वर्ल्ड बँकेने त्या एप्रिलमध्ये जगभरात २० टक्के घट होईल म्हणून अंदाज दिलेला आणि प्रत्यक्षात घट दोन-अडीच टक्क्यांच्या आतबाहेर राहिली. त्यात परतणाऱ्यांचा पैसा किती, विमानं बंद म्हणून हवाला सोडून बँकेतून आलेला किती, आणि अमेरिकेने लोकांच्या हातात दिलेल्या पैशातला किती, हे अजून कोणाला नीट वेगळं काढता आलेलं नाही.

आता झणझणीत यांच्या प्रश्नाला उत्तर: मेक्सिकोत हो, ताजिकिस्तानात नाही. हा फरक कळला तर धाग्याचं निम्मं काम झालं.

मेक्सिकोचा माणूस अमेरिकेत कमावतो डॉलरमध्ये. २००८ ला अमेरिकेत घरबांधणी बसली, त्याची कामं गेली, मेक्सिकोला येणारा पैसा २००८ मध्ये २५ अब्ज डॉलर होता तो २००९ ला २१ च्या आसपास आला, १५ टक्के कमी. पण त्याच काळात पेसो पडला, ऑगस्ट २००८ ला डॉलरला १० पेसो होते ते मार्च २००९ पर्यंत १४-१५ झाले. आधी महिन्याला ३०० डॉलर पाठवणारा आता २५० च पाठवू शकतोय असं धरा, तरी घरी ३,००० पेसोंऐवजी साडेतीन हजारांच्या वर गेले. पूर्ण वर्षाचा हिशेब पेसोत मांडला तर घट जवळपास दिसतच नाही. इथे तुमचं मलम लागू पडलं, कारण मंदी अमेरिकेत असूनही त्या घबराटीत डॉलर मजबूत राहिला.

आता ताजिक पोरगा घ्या. तो कमावतो रुबलमध्ये. २०१४ च्या मध्यात तेल ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१५ पर्यंत ५० च्या खाली, वरून निर्बंध. आणि रशियाच्या बाबतीत करन्सीच आधी कोसळली. २०१४ च्या उन्हाळ्यात डॉलरला ३४ रुबल, २०१६ च्या जानेवारीत ७५ च्या वर. मालकाने पगार एक रुबलने कमी केला नाही असं समजा (प्रत्यक्षात कमी केलेच), पोरगा महिन्याला १५,००० रुबल पाठवतोय. आधी त्याचे ४४० डॉलर व्हायचे, ४.९ ने घरी २,१६० सोमोनी. दीड वर्षानंतर त्याच १५,००० चे २०० डॉलर. सोमोनीही पडला होताच, साडेसात धरा, तर घरी १,५००.

बघा काय झालं ते. सोमोनी पडला म्हणून घरी जास्त मिळायला हवे होते ना? पण रुबल त्याहून जास्त पडला. म्हणजे घरच्यांचं उत्पन्न सोमोनीत ३० टक्के घटलं, आणि त्याच वेळी डॉलरवर चालणारं पीठ-तेल-औषध महाग झालं. दोन्हीकडून मार.

झणझणीत

ठीक आहे, रुबलचं पटलं. पण मग यात रेमिटन्सचा दोष काय, रुबल पडला हा दोष. डॉलरमधल्या देशात माणसं पाठवा, प्रश्न मिटला.

मीनाक्षी_७७

माणसं काय पार्सल आहेत का "पाठवा" म्हणायला? व्हिसा कुठल्या देशाचा मिळतो, भाषा कुठली येते, चुलत भाऊ कुठे आहे, तिकिटाला किती लागतात, यावर माणूस जातो. ताजिकिस्तानच्या राजधानीतल्या, दुशान्बेतल्या पोराला रशियात व्हिसा लागत नाही आणि भाषा थोडीफार येते म्हणून तो तिकडे जातो, करन्सीचा ग्राफ बघून नाही.

अडाणी_हिशेबनीस

मला एक विचारायचंय. दशमान सरांच्या हिशेबात पोराची नोकरी टिकलीय. नोकरी गेलेल्यांचं काय? आणि सगळे घरी परत आले असते तर बेरोजगारीचा स्फोट झाला असता, तसं तर काही झालं नाही ना?

दशमान

बरोबर जागी बोट ठेवलंत. फटके दोन असतात आणि ते एकदम बसत नाहीत. रेटचा फटका त्याच आठवड्यात बसतो. नोकरीचा फटका मागून येतो, कारण अर्धवट बांधलेली इमारत बिल्डर पुरी करतो, नवीन मात्र सुरू करत नाही. त्यामुळे रुबल डिसेंबर २०१४ मध्ये कोसळला तरी येणारा पैसा २०१५ अख्खं वर्ष खाली खाली जात राहिला. पैसा २०१३ ला चार अब्ज डॉलरच्या वर होता तो २०१६ ला दोन अब्जांच्या खाली आला.

त्यात तिसरी गोष्ट मंदीशी संबंध नसलेली. जानेवारी २०१५ पासून रशियाने कामाच्या परवान्याची पद्धत बदलली. पेटंट नावाचं कार्ड काढायचं, त्यासाठी रशियन भाषा, इतिहास आणि कायद्याची परीक्षा, आणि दर महिन्याला पैसे भरायचे, मॉस्कोत तेव्हा महिन्याला ४,००० रुबल. वर सांगितलेल्या पोराचे १५,००० पाठवायचे असतील तर आधी हे ४,००० बाजूला काढावे लागणार. रुबल पडल्यावर ते डॉलरमध्ये किरकोळ वाटतात, पण त्याचा पगार रुबलमध्येच आहे ना.

शेजारच्या किर्गिझस्तानशी तुलना करून बघा. तीच रशिया, तोच रुबल, तीच मंदी. पण किर्गिझस्तान ऑगस्ट २०१५ मध्ये रशियाच्या आर्थिक संघात शिरला, त्यांच्या लोकांना पेटंटची गरज उरली नाही. त्यांचाही पैसा २०१५ ला आपटला, पण २०१६ ला वर यायला लागला, ताजिकांचा तेव्हाही खाली जात होता. मंदी सारखीच असताना कागदपत्रांनी एवढा फरक पडतो. (याचा अर्थ संघात गेल्याचा सगळा फायदाच झाला असं मी म्हणत नाहीये, तो वेगळा वाद आहे.)

सगळे परत आले नाहीत, कारण परत जाऊन करायचं काय. बरेच कमी पैशात टिकून राहिले. काहींची नावं पुन्हा प्रवेश बंद असलेल्यांच्या यादीत गेली, ते मात्र घरी अडकले.

कोपऱ्यातला_वाचक

आत्ता कुठे चित्र दिसायला लागलं. पण मग एक विचारू? पैसा निम्म्यावर आला तर इंपोर्टची ती दरी भरली कशी? डॉलर संपून सगळं ठप्प व्हायला हवं होतं ना.

दशमान

दरीच आकसली. लोकांकडे पैसा नाही म्हणजे बाहेरचा माल घ्यायला गिऱ्हाईक नाही, त्यामुळे इंपोर्ट सव्वाचार अब्जांवरून २०१६ पर्यंत तीन अब्जांवर आली. कागदावर बघितलं तर व्यापारी तूट "सुधारली". अशा देशात तूट सुधारली म्हणजे घराघरात कमी खाल्लं, घराचं छप्पर अर्धवट ठेवलं, लग्न पुढे ढकललं. गंमत म्हणजे सरकारी आकड्यात त्या तिन्ही वर्षांत जीडीपी सहा-सात टक्क्यांनी वाढतच होता! त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा, मी तरी इंपोर्ट बघतो.

यात सरकारलाही लागतं, कारण अशा देशांत कराचा मोठा भाग सीमेवर जमा होतो, आलेल्या मालावरची कस्टम आणि व्हॅट. माल कमी आला की कर कमी आला, आणि लोकांना मदतीची गरज नेमकी तेव्हाच.

आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते म्हणजे बँका. चांगल्या दिवसांत बँकांनी डॉलरमध्ये कर्जं वाटली, कारण लोक डॉलरमध्ये ठेवी ठेवत होते आणि भाव वर्षानुवर्षं स्थिर होता. दुकानदाराने ५,००० डॉलर उचलले म्हणजे ४.९ ने २४,५०० सोमोनींचं कर्ज. भाव ७.८ झाल्यावर तेच ३९,००० चं झालं, त्याने एक पैसा जास्त न उचलता. आणि त्याची गिऱ्हाईकं तर मॉस्कोतून पैसे येणारी घरं, ती आटली. २०१६ पर्यंत बँकिंग व्यवस्थेतली निम्म्याच्या आसपास कर्जं थकलेली होती. ॲग्रोइन्व्हेस्टबँक आणि तोजिकसोदिरोतबँक या दोन मोठ्या बँकांत ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढता येईनात, २०१६ च्या अखेरीस सरकारने पैसे ओतले, तरी शेवटी २०२१ ला दोन्हींचे परवाने गेलेच. मॉस्कोत रुबल पडला आणि सात वर्षांनी दुशान्बेत बँक बंद झाली. अर्थात कर्ज वाटपातला गलथानपणा आधीपासून होताच, सगळं खापर रुबलवर फोडता येणार नाही.

अडाणी_हिशेबनीस

मग सेंट्रल बँक काय करत होती? भाव धरून ठेवायचा ना.

दशमान

धरून ठेवायला हातात डॉलर लागतात, रिझर्व्ह आधीच तुटपुंजी. मग प्रशासकीय उपाय सुरू झाले. एप्रिल २०१५ मध्ये खासगी एक्स्चेंजच्या टपऱ्या बंद केल्या, फक्त बँकेतच बदला म्हणाले. २०१६ च्या सुरुवातीला रशियातून रुबलमध्ये आलेला पैसा घरच्यांना सोमोनीतच द्यायचा असा नियम केला, म्हणजे परकीय चलन बँकेकडे राहील.

असल्या नियमांचा धोका ठाऊक आहे ना? सरकारी भाव आणि बाजारातला भाव यात अंतर पडलं की पाठवणारा माणूस बँकेचा रस्ता सोडतो, ओळखीच्या ड्रायव्हरकडे पाकीट देतो. मग पैसा घरी पोचतो पण सेंट्रल बँकेला दिसत नाही.

मीनाक्षी_७७

याचं सगळ्यात ठळक उदाहरण श्रीलंका. त्यांची माणसं जिथे कामाला जातात त्या मालक देशांत तर मंदी नव्हतीच, २०२२ ला तेल महाग, आखात जोरात चाललेलं, तरी श्रीलंकेत येणारा पैसा २०२० मध्ये ७.१ अब्ज डॉलर होता तो २०२१ ला साडेपाच आणि २०२२ ला ३.८ वर आला. का? कारण सेंट्रल बँकेने मार्च २०२२ पर्यंत डॉलर २०० च्या आसपास अडकवून ठेवलेला आणि उंडियालवाला (तिकडचा हवाला) त्याहून बराच जास्त भाव देत होता. कामगार मूर्ख नसतो. घरी पैसे जातच होते, पण पेट्रोलचं जहाज सोडवायला देशाकडे डॉलर नव्हते. भाव मोकळा सोडल्यावर २०२३ ला पुन्हा सहा अब्जांच्या जवळ आला.

म्हणजे घरखर्च आणि करन्सी हे दोन वेगळे आधार आहेत, एक टिकून दुसरा जाऊ शकतो. धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये दोन्ही एकच धरलेत.

झणझणीत

चला, म्हणजे सगळा घोळ सरकारी भावाचा. मी म्हणतच होतो, भाव मोकळा सोडा.

वाळवंटातला_उंट

ते सोडा हो, भाव मोकळा सोडला की दुसरा खेळ चालू होतो. अजून पडेल अजून पडेल म्हणून आम्ही थांबून बसतो. माझ्या खोलीतल्या एकाने तीन महिने पाठवलं नाही, रोज मोबाईलवर भाव बघायचा, घरून फोन आला की "उद्या पाठवतो". शेवटी बायकोने व्याजाने पैसे काढले आणि फायदा सगळा व्याजात गेला. पडती करन्सी म्हणजे पैसे लगेच धावत येतात असं नाहीये.

दशमान

हे दोन्ही दिशांनी चालतं. पडून थांबली असं वाटलं की धावत येतात, अजून पडणार वाटलं की थांबतात. फिरणाऱ्या दरापेक्षा दराबद्दलचा समज जास्त फिरवतो पैशाला. मोकळ्या भावाने हवाल्यातलं अंतर मिटतं, झणझणीत, पण ताजिकिस्तानात भाव पूर्ण मोकळा असता तरी मॉस्कोतल्या साईटवर काम निघालं नसतं.

चष्मिष्ट

उशिरा आलो. एक आक्षेप नोंदवतो. सगळे मंदीच्या धोक्याबद्दलच बोलताय, पण तेजीच्या काळात जे नुकसान होतं त्याचं काय? इतका पैसा बाहेरून आला की सोमोनी महाग राहतो, बाहेरचा माल स्वस्त पडतो, मग देशात टोमॅटो सॉस करायचा कारखाना कोण काढेल? तरुण माणसं रशियात, उरलेल्यांना बाहेरचा माल स्वस्त. मग रशिया पडला की देशात पर्यायी काम नाही. म्हणजे पैसा स्वतःच ती परिस्थिती तयार करतो ज्यात तो थांबला की माणूस उघडा पडतो.

मीनाक्षी_७७

हे ऐकायला छान आहे, पण पैसा आला नसता तर कारखाने निघाले असते असं कशावरून? वीज हिवाळ्यात जायची, रस्ते डोंगरातले, समुद्र नाही, नव्वदच्या दशकात यादवी युद्ध झालेलं. पैसा नसता तर कारखाना तर नसताच, वर पोराची शाळाही नसती. फिलिपिन्सकडे बघा, त्यांची माणसं सौदीत, अमेरिकेत, हाँगकाँगमध्ये, जहाजांवर, जगभर विखुरलेली, २००९ च्या जागतिक मंदीत सुद्धा त्यांचा पैसा पाच-सहा टक्क्यांनी वाढला. एकाच गिऱ्हाईकावर दुकान चालवणं हा रोग आहे, दुकान चालवणं हा नाही.

चष्मिष्ट

फिलिपिन्सचे कारखाने तरी कुठे थायलंड-व्हिएतनामएवढे झाले? माझा मुद्दा तिथेही लागतो. असो, यावर आपलं जमणार नाही.

कोपऱ्यातला_वाचक

दशमान सर, शेवटचं विचारतो. पुढच्या वेळी असं होणार हे आधी कशावरून ओळखायचं? येणाऱ्या पैशाचा आकडा उशिरा बोलतो म्हणालात, मग बघायचं काय?

दशमान

मी असलो तर तीन गोष्टी बघेन. पहिली, पगार ज्या करन्सीत मिळतो तिचा भाव आणि ती करन्सी ज्यावर उभी आहे त्या मालाचा भाव. रशियाच्या बाबतीत तेल जून २०१४ पासून घसरत होतं, रुबल खऱ्या अर्थाने डिसेंबरात कोसळला, म्हणजे सहा महिन्यांची आगाऊ सूचना होती. दुसरी, ती माणसं ज्या धंद्यात आहेत त्यातली नवीन कामं. मेक्सिकोच्या वेळी अमेरिकेत नवीन घरं बांधायला घेणं २००६ पासूनच उतरत होतं, येणारा पैसा त्यानंतर बऱ्याच उशिराने वाकला. तिसरी, सरकारी भाव आणि गल्लीतला भाव यातलं अंतर. ते वाढायला लागलं की मालक देश ठणठणीत असला तरी काळजी करायची, श्रीलंकेसारखी.

अडाणी_हिशेबनीस

पण २०२२ चं काय? युद्ध सुरू झालं, निर्बंध लागले, सगळ्यांनी सांगितलं ताजिकिस्तान आता बुडणार, वर्ल्ड बँकेनेही मोठ्या घटीचा अंदाज दिलेला. आणि त्या वर्षी पैसा रेकॉर्ड आला, पाच अब्जांच्या वर! तुमच्या तिन्ही गोष्टींनी हे आधी कळलं असतं का?

दशमान

पहिल्या गोष्टीने थोडं कळलं असतं. मार्चमध्ये रुबल आपटला पण जूनपर्यंत डॉलरला ५५ च्या आसपास, म्हणजे युद्धाआधीपेक्षा मजबूत. तेल-गॅस महाग, रशियाची इंपोर्ट आटलेली, भांडवल बाहेर न्यायला बंदी, म्हणून. शिवाय तिथली तरुण माणसं आघाडीवर गेली किंवा देश सोडून गेली, कामाला हात कमी. आकसलेल्या अर्थव्यवस्थेतही मजुराला मागणी वाढू शकते हे मात्र २०१४ च्या अनुभवावरून कोणालाच सुचलं नसतं.

पण तो पाच अब्जांचा आकडा तसाच्या तसा घेऊ नका. त्या वर्षी रशियातून पळालेल्या लोकांनी स्वतःचेच पैसे मध्य आशियातल्या बँकांत हलवले, आणि व्यापाऱ्यांनीही निर्बंध चुकवायला खासगी खात्यांतून पैसे फिरवले. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेला पैसा म्हणून हे सगळं एकाच रकान्यात पडतं. त्यातलं आईच्या पिठाचं किती आणि बाकीचं किती हे बाहेरून सांगता येत नाही, कारण रशियाच्या सेंट्रल बँकेने देशवार आकडे देणंच तेव्हा थांबवलं.

चष्मिष्ट

आणि मजुराला मागणी असूनही मार्च २०२४ च्या मॉस्कोतल्या हल्ल्यानंतर ताजिकांना विमानतळावरून परत पाठवायला लागले, ती तुमच्या तिन्हींत कुठे बसते?

दशमान

कुठेच नाही. ती चौथी, मालक देशाचं सरकार कोणाला येऊ देतं ती. पेटंटच्या वेळीही तीच होती.

सई_क

दशमान, वेगळा धागा काढलाय, "फीसाठी डॉलर कधी घ्यावेत". या हो तिकडे.